तेरा मतांवर पोझिशनिंग ठरवू नका

पोझिशनिंग, म्हणजे आपला माल गिऱ्हाइकासमोर कुठल्या ओळखीने मांडायचा, यासाठी तीन कल्पना हाताशी असल्या की एक सल्ला मिळतो: "बजेट नसेल तर एजन्सी कशाला? 30 ग्राहकांना तिन्ही पोझिशनिंग एकाच मेसेजमध्ये पाठवा, 'कुठली आवडली?' विचारा आणि जास्त मतं मिळतील ती उचला. एवढं पुरतं."

एजन्सी नको, हे मान्य. 30 माणसंही पुरतात, पण मतं मोजायला नाही. समजा निकाल 13, 10, 7 असा लागला. तिन्ही कल्पना तोडीस तोड असल्या तरी निव्वळ योगायोगाने कुठल्या तरी एकीला 13 किंवा जास्त मतं पडण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. एवढ्या आधारावर पाकिटं छापायला टाकू नयेत.

तिन्ही एकदम दाखवणंही चुकीचं. दुकानात गिऱ्हाइकासमोर तुमचं एकच पाकीट असतं, तीन पर्याय नसतात. म्हणून प्रत्येक कल्पना एका कार्डावर लिहा, आधी एकच कार्ड द्या, त्यावर पूर्ण बोलून घ्या, मग बाकीची दोन. तीन कार्डांचे सहा क्रम होतात. प्रत्येक क्रमाला पाच जण घेतले की प्रत्येक कल्पनेला दहा जणांची कोरी, पहिली प्रतिक्रिया मिळते. कार्डं साधी ठेवा: मजकुराची लांबी सारखी, किंमत तीच, फोटो कुठल्याच कार्डावर नको. नाहीतर लोक फोटोलाच पसंती देतात.

खरा घोळ 'आवडली' या शब्दात आहे. थालीपिठाच्या भाजणीचं उदाहरण घ्या. तीन कार्डं: 'घरच्यासारखी खमंग', 'दहा मिनिटांत पोटभर नाश्ता' आणि 'धान्यं-डाळी भाजून, मैदा अजिबात नाही'. दुसरं कार्ड बहुतेकांना आवडेल, कारण वेळ वाचलेला कुणाला नको? पण "हे काय आहे, तुमच्या शब्दांत सांगा" म्हटल्यावर "इन्स्टंट मिक्स दिसतंय, सोडा घातला असेल" असं उत्तर आलं, तर ते कार्ड तुमची भाजणी विकत नाहीये. पुढे विचारा: यातलं काय खरं वाटत नाही? हे घेतलंत तर सध्याचं काय बंद कराल? "काही नाही, हेही आणीन" हे उत्तर मी नकारातच धरते. उत्तरं शब्दशः लिहून घ्या, स्वतःच्या भाषेत सुधारू नका.

माणसं निवडताना ओळखीचे ग्रुप टाळा, ते तुमचं मन राखतात. गेल्या महिन्याभरात कुठलीही तयार भाजणी विकत घेतलेले लोकच घ्या.

या 30 जणांकडून विजेता मिळत नाही, बाद कोण ते कळतं. ते कसं ठरणार हे आधीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ, एखादं कार्ड सगळ्यात आधी पाहिलेल्या दहापैकी पाच जणांनी त्याचा चुकीचा अर्थ लावला किंवा दावा खोटा ठरवला, तर ती कल्पना बाद. उरलेल्या दोन खऱ्या विक्रीत उतरवा: स्टॉलवर तीच भाजणी, तीच किंमत, फक्त पाटी दर तासाला बदला. दुसऱ्या दिवशी तासांची अदलाबदल करा, म्हणजे संध्याकाळची गर्दी एकाच पाटीच्या खात्यात जमा होणार नाही. थांबलेल्यांपैकी किती जणांनी पैसे मोजले, तेवढं टिपा. तिथेही फरक थोडाच पडला, तर दोन्ही चालतात असं समजा आणि जी वर्षानुवर्षं निभावता येईल ती घ्या.