गावठी अंडी फ्रिजात की टोपलीत, तिठ्यावर झालेला वाद

शुक्रवारी रोहिदास म्हापशाच्या बाजारातून दोन डझन गावठी अंडी घेऊन आला, काहींना पीस चिकटलेलं, काहींना कोंबडीची शीट. रोस ऑम्लेटच्या गाड्यापाशी पिशवी कठड्यावर ठेवून म्हणाला, सहा बायकोने बाजारातच नळाखाली धुतली, बाकीची घरी धुवून फ्रिजात टाकणार.

झालं, मिलिंद सुरू. "फ्रिज कशाला रे? माझा भाऊ लिस्बनला असतो, तिथे सुपरमार्केटात अंडी बाहेरच्या रॅकवर असतात."

दत्ता म्हणाला, "आणि माझी बहीण न्यू जर्सीत, तिथे ती फ्रिजातच विकतात. मग ते काय उगाच?"

मी पोल्ट्रीत काम केलंय म्हणून सांगितलं, दोघंही बरोबर आहेत, फक्त अंडी वेगळी आहेत. ताज्या अंड्याच्या कवचावर एक पातळ थर असतो, तो कवचाची हजारो बारीक भोकं बंद ठेवतो. अमेरिकेत अंडी धुतात, त्यात तो थर जातो, म्हणून पुढे ७ अंशांच्या आसपास थंड ठेवावीच लागतात. युरोपात साधारणपणे दुकानात जाणारी अंडी धुवायलाच बंदी आहे, थर शाबूत राहावा म्हणून. आणि विक्रीआधी फार गारही करत नाहीत, कारण गार अंडं बाहेर काढलं की त्याला घाम फुटतो आणि त्या ओलीतून जंतू आत शिरतात.

"म्हणजे नळाखाली धुणं चूक?" रोहिदास.

चूकच. तिकडे धुताना पाणी अंड्यापेक्षा चांगलं गरम ठेवतात, निदान ३२ अंश. गार पाण्याने आतला ऐवज आकसतो आणि कवचावरची घाण भोकांतून आत ओढली जाते.

मिलिंद खूश झाला, "बघ, मग बाहेरच ठेव."

इथे मी त्याला अडवलं. युरोपातला नियम तिकडच्या गार हवेवर उभा आहे, आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघरात ३२-३३ अंश आणि वर दमट हवा. साल्मोनेला कधीकधी कोंबडीच्या पोटातूनच अंड्यात आलेला असतो, त्याला थर काय करणार, आणि उकाड्यात बलक धरून ठेवणारी साय लवकर सैल पडते, मग जंतूंना आयतं खाणं. तो गाड्यावाला ट्रे बाहेर ठेवतो खरा, पण त्याचा माल संध्याकाळी संपतो, तुझी दोन डझन पंधरा दिवस पुरणार.

दत्ताने विचारलं, पाण्यात बुडवून बघितलं तर कळत नाही का? त्याने फक्त अंडं किती जुनं ते कळतं, आतली हवा वाढली की ते तरंगतं. साल्मोनेलावालं अंडं मात्र तळाशी गप्प पडून राहील, वासही येणार नाही, म्हणून बलक घट्ट होईपर्यंत शिजवायचं.

शेवटी रोहिदासने रुमालाने शीट कोरडीच पुसली. अठरा अंडी झाकणाच्या डब्यातून फ्रिजात, दाराच्या कप्प्यात नाही, कारण दार सारखं उघडतं. धुतलेली सहा त्याच रात्री घट्ट उकडून रश्शात गेली.