चेन रूल येत नाही म्हणून पोरीला हाकलू नका

आज चहाच्या वेळी विभागात एक सहकारी म्हणाले, "ज्यांना पार्शल डेरिव्हेटिव्ह येत नाही त्यांनी मशीन लर्निंगचं इलेक्टिव्ह घ्यायचंच कशाला?" बाकीचे हसले. मी गप्प बसले, कारण पुढं प्रॅक्टिकल होतं आणि तिथं भांडण काढलं असतं तर बॅच ताटकळली असती. आता घरी येऊन भाकरी टाकून झाल्यात, पण डोकं काही शांत होईना, म्हणून इथं लिहितेय.

ज्या पोरीवरून हे सगळे हसले ती जिंतूर तालुक्यातली. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली. अशा पोरांच्या वाट्याला पहिल्या वर्षाचं गणित, एम-वन, एम-टू, येतच नाही. डिप्लोमात डेरिव्हेटिव्ह असतं, पण पाठ केलेलं: x² चं 2x, झालं. आणि तिसऱ्या वर्षी तिच्यासमोर अचानक बॅकप्रोपगेशनची, म्हणजे शेवटच्या चुकीपासून मागं मागं येत नेटवर्कमधलं प्रत्येक वजन किती बदलायचं ते काढायच्या रीतीची, ही स्लाइड येते:

δj = f′(zj) · Σk wkj δk

वर एक ओळ: "चेन रूल वापरून सहज मिळते." सहज! या 'सहज'चा मला जितका राग येतो तितका पेपर तपासणीच्या मानधनाचाही येत नाही. स्लाइड कुणीतरी कुठूनतरी उतरवलेल्या, दरवर्षी वरचं नाव बदलून फिरणाऱ्या. त्यात एकही आकडा नाही. अख्ख्या प्रकरणात एकही आकडा नाही!

ती केबिनमध्ये आली आणि म्हणाली, "मॅडम, मला काहीच कळंना झालंय. हे j कोणतं, k कोणतं, आन् गुणायचं कशामुळं?"

आता सांगा, यात कॅल्क्युलस कुठं आलं? पहिले दोन प्रश्न नुसत्या खुणांचे आहेत. तिसरा खरा, पण त्यालाही डेरिव्हेटिव्हची व्याख्या लागत नाही. मी स्लाइड बंद केली आणि कागद घेतला.

सगळ्यात छोटं नेटवर्क: एक इनपुट, मधे एक न्यूरॉन, शेवटी एक. अ‍ॅक्टिव्हेशन फंक्शन नाही, बायस नाही. इनपुट x = २, त्याला गुणणारं वजन w1 = ०.५, म्हणून मधल्या न्यूरॉनचं उत्तर h = w1·x = १. मग w2 = ३, म्हणून y = w2·h = ३. उत्तर यायला हवं होतं ५. चूक मोजायची वर्ग करून: L = (y − ५)² = ४. इथपर्यंत सातवीचं गणित.

तिला म्हटलं, आता w1 ला थोडंसं हलव. ०.५ चं ०.५०१ कर आणि सगळं पुन्हा मोज. तिनं मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर केलं. h झालं १.००२, y झालं ३.००६, L झाला ३.९७६०३६. चूक ०.०२३९६४ नं कमी झाली. w1 हलवलं होतं ०.००१ नं, म्हणजे भागाकार −२३.९६४. आणखी कमी हलवून पाहिलं, ०.०००१ नं, तर −२३.९९६४. ती स्वतःच म्हणाली, "चोवीसकडं चाललंय." हेच ते डेरिव्हेटिव्ह. ज्याला घाबरून पोरं इलेक्टिव्ह बदलतात ते.

आता 'गुणायचं कशामुळं'. तिच्या घरी सोयाबीन असतं, म्हणून विचारलं: एकरी आठ क्विंटल निघतं धर, क्विंटलला चार हजार मिळतात धर. एक एकर जास्त पेरलं तर किती रुपये वाढतील? "बत्तीस हजार." गुणलंस का? "गुणावंच लागंल की, मॅडम." बस. चेन रूल तिला येत होता, फक्त त्याला चेन रूल म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग तेच कागदावर. w1 एकनं वाढलं तर h वाढतो २ नं, कारण x दोन आहे. h एकनं वाढला तर y वाढतो ३ नं, कारण w2 तीन आहे. y वाढला तर चूक कोणत्या दरानं बदलते? वर्गाचा दर, २ × (३ − ५) = −४. तिन्ही गुणा: −४ × ३ × २ = −२४. कॅल्क्युलेटर ज्याच्याकडं चालला होता तोच आकडा. तिनं दोनदा पडताळून पाहिला आणि जरा वेळ बोललीच नाही.

हो, मान्य आहे, पेपरात सूत्र सिद्ध करायला येतं तेव्हा हे पुरणार नाही. अ‍ॅक्टिव्हेशन म्हणून सिग्मॉइड, म्हणजे σ, आला की त्याचा उतार σ(1 − σ) हे माहीत असावं लागतं. पण तो उतारही हलवून मोजता येतो: शून्यापाशी σ असतो ०.५, ०.०१ पाशी ०.५०२५, म्हणजे उतार ०.२५. आधी मोजू द्या, सिद्धता मागून येईल. या मुद्द्यावर मला यापेक्षा जास्त माघार घ्यायची नाही.

राहिला तो Σ. स्लाइडवर सगळ्यात जास्त पोरं तिथंच गळतात. त्याच नेटवर्कला शेवटी आणखी एक न्यूरॉन जोडला. h त्याच्याकडंही जातो, w3 = −१ नं. म्हणजे त्याचं उत्तर −१, यायला हवं ०, त्याची चूक १. आता w1 हलवलं की h हलतो, आणि h दोन्हीकडं धक्का देतो. पहिल्या वाटेनं h वर येणारा दर −४ × ३ = −१२. दुसऱ्या वाटेनं −२ × −१ = +२. दोन्ही मिळून −१०. मग त्याला x नं, म्हणजे २ नं गुणलं की −२०. तिला सांगितलं, विश्वास ठेवू नकोस, हलवून बघ. पहिली चूक ०.०२३९६४ नं कमी झाली, दुसरी ०.००४००४ नं वाढली, एकूण घट ०.०१९९६, भागाकार −१९.९६. जुळलं.

इथं ती स्वतःच स्लाइडकडं वळली. "म्हणजे k म्हणजे पुढचे सगळे, आन् j म्हणजे आपण जिथं उभं आहोत तो?" हो बाई. आणि δ म्हणजे त्या त्या न्यूरॉनपाशी चूक बदलायचा दर. एका वाटेवर गुणायचं, वाटा फुटल्या तर बेरीज करायची. त्या भयानक ओळीत याशिवाय राहतो तो एकटा f′(zj), म्हणजे त्या न्यूरॉनच्या अ‍ॅक्टिव्हेशनचा उतार, आणि आमच्या उदाहरणात तो १ होता.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला होता, पण तिचा पुढचा प्रश्न आठवला आणि पुन्हा चढला. ती म्हणाली, "मॅडम, हलवून मोजल्यावर बी तेच येतंय, तर मग मागून कशामुळं यायचं?" वर्गात जी पोरं फडाफड डेरिव्हेटिव्ह काढतात त्यांच्यातल्या एकानंही मला हे कधी विचारलेलं नाही. आणि सगळ्या बॅकप्रोपगेशनचं कारणच हे आहे!

हाताने लिहिलेले अंक ओळखणारं, पुस्तकात नेहमी असतं ते नेटवर्क घ्या: ७८४ इनपुट, मधे ३० न्यूरॉन, शेवटी १०. वजनं आणि बायस मिळून २३,८६०. एकेक हलवून मोजायचं तर एका चित्रासाठी अख्खं नेटवर्क २३,८६१ वेळा चालवावं लागेल, एकदा न हलवता आणि मग प्रत्येकासाठी एकदा. मागून आलं तर एकदा पुढं, एकदा मागं. मागचा फेरा पुढच्याच्या साधारण दुप्पट कामाचा, एवढंच. कारण ते −४ आणि −१२ एकदाच काढून ठेवायचे आणि मागच्या सगळ्या वजनांना तेच वापरायचे. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांचा १९८६ चा नेचरमधला लेख गाजला तो ही युक्ती नेटवर्क शिकवायला कशी चालते हे दाखवल्यामुळं. चेन रूल तर त्याच्या तीनशे वर्षं आधीपासून होता. स्लाइडवर लेखाचं साल आहे, लेखकांचे फोटो आहेत, हे कारण तेवढं नाही.

हलवून मोजणं तरीही टाकून द्यायचं नाही, कारण चूक पकडायला त्यासारखं काही नाही. तिनं नंतर एक आउटपुटवालंच नेटवर्क घेऊन कोड लिहिला, तर w2 चं उत्तर बरोबर येत होतं, −४, पण w1 चं −२४.३२. हलवून पाहिलं की −२३.९६४, आणखी कमी हलवलं की चोवीसच्या आणखी जवळ. धक्का कमी केल्यावर फरक मिटत जायला हवा, तो मिटेना म्हणजे गडबड कोडमध्येच. आणि w2 बरोबर, w1 चूक, म्हणजे गडबड या दोघांच्या मधे. सापडलं: तिनं w2 आधी बदलून टाकलं होतं, ३ चं ३.०४, आणि मग w1 साठी तेच नवं w2 वापरलं होतं. −४ × ३.०४ × २ = −२४.३२. आधी सगळे दर काढायचे, मग सगळी वजनं एकदम बदलायची. हे तिनं स्वतः शोधलं, कॅल्क्युलसमध्ये 'वीक' असलेल्या पोरीनं. कितीतरी तयार लायब्ररी वापरणाऱ्या हुशारांना ही चूक कुठं शोधायची तेही सुचणार नाही.

दुरुस्त केल्यावर लर्निंग रेट, म्हणजे दराच्या कितीपट उलट दिशेनं वजन हलवायचं तो आकडा, ०.०१ ठेवून एक पाऊल टाकलं. w1 झालं ०.७४, w2 झालं ३.०४, उत्तर ४.४९९२, चूक ४ वरून ०.२५ वर. ती खूश. लगेच म्हणाली, "मग ०.१ ठेवलं तर दहापट लवकर होईल की." मी म्हटलं, ठेव. w1 झालं २.९, w2 झालं ३.४, उत्तर १९.७२, चूक २१६ च्या वर. "आई गं, मॅडम, हे तर उधळलं!" तो −२४ हा उतार फक्त ती उभी होती तिथला आहे, अडीच हात पुढं उडी मारली की तो लागू राहत नाही, हे मला फळ्यावर लिहावंच लागलं नाही.

ज्यांच्याकडं हा विषय आहे त्यांनी त्या सूत्राच्या आधी एक कोरी स्लाइड घाला. हेच आकडे घ्या, नाहीतर तुमचे घ्या, आणि पहिली वीस मिनिटं पोरांच्या हातात कॅल्क्युलेटर द्या.