रात्रभर ओट्यावर ठेवलेली सुरमई

“फ्रीझरमधली सुरमई रात्री ओट्यावर काढून ठेवा, सकाळपर्यंत मस्त सुटते. बर्फात जंतू मरतातच, शिवाय आपण तळणारच!”

मरत नाहीत, बहुतेक नुसते थिजतात. साधारण 5 ते 60 अंश सेल्सियस हा त्यांच्या वाढीचा पट्टा. अनुकूल उबेत काही जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. मासा सुटतो बाहेरून आत. मधला काटा बर्फासारखा टणक असतो, तेव्हा कातडीलगतचं मांस तीस अंशांच्या स्वयंपाकघरात कधीच कोमट झालेलं असतं. म्हणजे मध्यावर बोट दाबून ‘अजून गार आहे’ म्हणणं फसवं.

तळल्यावर जंतू मरतील, पण सुरमई-बांगड्यात त्यांनी तयार केलेलं हिस्टामिन नावाचं विषारी द्रव्य तळूनही नष्ट होत नाही. असा मासा दिसायला, वासाला ठीक असू शकतो. खाल्ल्यावर मात्र तोंड लाल होतं, डोकं ठणकतं.

रात्रीच तुकड्या ताटलीत झाकून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. विसरलात, तर घट्ट बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अर्धा किलो साधारण तासाभरात सुटतो. मग लगेच शिजवायचा. चिकन-मटणालाही हेच. गरम पाणी नको.