चड्डीत शी करणारं मूल आळशी नसतं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात आलेला, पुढे पाठवत राहिलेला मेसेज: "पाच-सहा वर्षांचं पोर चड्डीत शी करतंय म्हणजे निव्वळ आळस आणि लाड. चड्डी त्यालाच धुवायला लावा, चारचौघांत एकदा लाज वाटू द्या, आठ दिवसांत बंद होतं. आणि डॉक्टर देतात ती पावडर देऊ नका. आधीच पातळ होतंय, त्यात आतड्याला कायमची सवय लागते."

मी मुलांची डॉक्टर आहे, परळच्या बाजूला बसते. या मेसेजमधलं प्रत्येक वाक्य मला दवाखान्यात रोज वेगवेगळ्या आज्ज्यांच्या तोंडून ऐकू येतं, म्हणून एकेक करून बोलते.

आधी "पातळ होतंय" हे घेऊ, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. सहा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा आईची तक्रार जुलाबाची होती. दिवसातून चार-पाच वेळा चड्डीला थोडं थोडं लागायचं, म्हणून तिने दूध बंद केलं होतं आणि केळी सुरू केली होती. पोटाला हात लावला तर डाव्या बाजूला, बेंबीच्या खाली, कडक गोळे लागले. आठवड्यातून एकदा त्याला इतकी मोठी शी व्हायची की चाळीतला संडास तुंबायचा. हे आईने सांगितलं नव्हतं, मी विचारल्यावर ती ओशाळून बोलली. म्हणजे त्याला जुलाब नव्हते, जुनी बद्धकोष्ठता होती. गुदाशयात खडा अडकून बसला होता आणि वरून येणारं पातळ त्याच्या कडेकडेने झिरपत होतं. मी त्याला कागदावर काढून दाखवलं: लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये बंद पडली की मागच्या गाड्या खोळंबतात, पण माणसं खाली उतरून रुळांच्या कडेने चालत येतातच. तो हसला. त्या दिवसातलं ते त्याचं पहिलं हसू.

आता आळस. सुरुवात बहुतेक वेळा दुखण्याने होते. एकदा कडक शी होऊन चीर पडते, रक्ताचा थेंब दिसतो, आणि पोर ठरवतं की आता करायचीच नाही. या मुलाच्या बाबतीत भर अशी की संडास मजल्याच्या टोकाला, चार खोल्यांत एक, सकाळी रांग, आणि बाहेरून कुणीतरी कडी वाजवणार. मग कळ आली की तो चवड्यांवर उभा राहायचा, पायांची अढी घालायचा, कपाटाला धरून लाल व्हायचा. आईला वाटायचं जोर लावतोय. तो रोखत होता. रोखली की मळातलं पाणी आतडं शोषून घेतं, खडा वाढतो, पुढच्या वेळी आणखी दुखतं. गुदाशय ताणून ताणून ढिला होतो, आणि भरल्याची जी जाणीव आपल्याला होते ती त्याला होईनाशी होते. वासाचंही तसंच, सतत नाकाशी असलेला वास नाकाला कळत नाही. म्हणून "मला कळलंच नाही" असं मूल म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. हे एक वाक्य घरात पटलं तर अर्धी मारामारी थांबते.

लाजेबद्दल मी जास्त बोलणार आहे. हा मुलगा शाळेतून आला की भरलेली चड्डी पोटमाळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे कोंबून ठेवायचा. दिवाळीच्या सफाईत अकरा चड्ड्या सापडल्या. वडिलांनी मारलं, चुलत भावंडांसमोर नाव ठेवलं. त्यानंतर काय झालं? आठ दिवसांत बंद झालं नाही. मूल संडासाच्या नावानेच घामाघूम व्हायला लागलं. हिशोब साधा आहे: शी होताना खालचा स्नायू ढिला सोडावा लागतो, आणि घाबरलेलं मूल तो आवळतं. धाक वाढला की रोखणं वाढतं, रोखणं वाढलं की गळणं वाढतं.

ऑस्ट्रेलियातले कौटुंबिक समुपदेशक मायकेल व्हाइट यांनी 1984 साली अशा मुलांसोबतच्या कामाबद्दल लिहिलं होतं. शी म्हणजे मूल नव्हे, शी ही सगळ्या घराला छळणारी तिसरीच कुणीतरी, असं समजून मूल आणि आईबाप एका बाजूला येतात. आमच्या पठ्ठ्याने तिचं नाव "बंद गाडी" ठेवलं. त्यानंतर घरात "तू केलंस का?" जाऊन "बंद गाडीने त्रास दिला का?" आलं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण त्याच आठवड्यात त्याने पहिल्यांदा स्वतःहून चड्डी आणून दाखवली.

चड्डी धुण्याचं म्हणाल तर त्यात एक कण खरा आहे. चड्डी स्वतः बादलीत टाकणं, स्वतः धुऊन घेणं, हे शांत आवाजात, ताटली उचलून ठेवण्यासारखं होत असेल तर हरकत नाही. शिक्षा म्हणून अजिबात नको.

राहिली पावडर. बहुतेकदा ती पॉलिएथिलीन ग्लायकॉल असते. ती शरीरात जवळजवळ शोषलीच जात नाही, आतड्यात पाणी धरून ठेवते, शी मऊ राहते. आतड्याला तिची सवय लागत नाही, ताणून ढिला झालेल्या गुदाशयाला ती आराम देते. उपचार दोन टप्प्यांत होतो. आधी खडा काढायचा: दर किलो वजनाला रोज एक ते दीड ग्रॅम, तीन ते सहा दिवस. हा मुलगा वीस किलोचा, म्हणजे रोज वीस ते तीस ग्रॅम, पाण्यात किंवा सरबतात. या दिवसांत शाळा बुडवावी लागते, चड्ड्या जास्तच भरतात, आणि आजी म्हणते "बघ, वाढलं ना!" गोळे न येता पाण्यासारखं यायला लागलं की मोकळं झालं असं समजायचं. एनिमाही तितकाच काम करतो, पण आधीच त्या जागेची धास्ती घेतलेल्या मुलाला मी तोंडावाटेच देते. मग रोजचा डोस, दर किलोला साधारण 0.4 ग्रॅमपासून, शी मऊ राहील असा कमीजास्त करत. किमान दोन महिने, आणि त्रास पूर्ण थांबल्यावर आणखी महिनाभर तरी. त्यानंतर हळूहळू कमी. डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा, आणि एरंडेलाचा चमचा मध्ये घालू नका.

पावडरीसोबत रोज संडासात बसणंही हवं. जेवणानंतर आतडं आपोआप हलतं, म्हणून नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच-दहा मिनिटं. कमोड असेल तर पाय लोंबकळू देऊ नका, खाली पाट ठेवा. चाळीत बाबा दाराबाहेर उभे राहायला लागले, कडी कुणी वाजवू नये म्हणून. कॅलेंडरवर चांदणी बसल्याची, शी झाल्याची नाही, कारण बसणं त्याच्या हातात आहे, शी येणं नाही.

दोन महिन्यांनी आईने "बरा झाला" म्हणून पावडर परस्पर बंद केली. तीन आठवड्यांत पुन्हा डाग. हे बहुतेक घरांत एकदा होतं. पुन्हा सुरू केली.

एक मर्यादा सांगायला हवी. काही मुलांना बद्धकोष्ठता नसतानाही चड्डीत होते, तिथे ही पावडर उपयोगाची नाही, म्हणून आधी पोट तपासून घ्या. आणि जन्मानंतर पहिली शी व्हायला 48 तासांहून जास्त लागले असतील, वजन वाढत नसेल, पोट फुगून हिरवी उलटी होत असेल किंवा पायांत ताकद कमी वाटत असेल, तर दुसरं कारण शोधावं लागतं.

तो आता अर्ध्या डोसवर आहे. शाळेतल्या संडासाची कडी अजून तुटलेली, त्यामुळे तिथे तो जात नाही. बाईंना चिठ्ठी दिली आहे, मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या संडासात सोडा म्हणून.