तिसऱ्या फेरीत उत्तर गायब का होतं: ग्रोव्हरबद्दलच्या चार वाक्यांना उत्तर

> "ग्रोव्हर म्हणजे काय, तर क्वांटम कॉम्प्युटर सगळ्या शक्यता एका फटक्यात तपासतो आणि बरोबर ती उचलतो. फेऱ्या जितक्या जास्त तितकी खात्री जास्त. पण उत्तर एकच असेल आणि सुरुवातीला सगळ्या शक्यतांना समान वाटा दिला असेल तरच हे चालतं. आणि उत्तरं किती आहेत हे मोजायचं तर ती एकेक करून शोधण्यावाचून इलाज नाही."

ग्रोव्हर म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरवर अनेक शक्यतांतून उत्तर शोधण्याची ग्रोव्हर यांची रीत. तिच्याबद्दलची ही चारही वाक्यं एकाच छोट्या उदाहरणावर तपासता येतात. चार वजनं घ्या: १, २, ३ आणि पुन्हा ३ किलो. यातली काही निवडून बरोबर ६ किलो भरायचे आहेत. प्रत्येक वजनाला एक क्यूबिट. १ म्हणजे वजन घेतलं, ० म्हणजे नाही. एकूण १६ निवडी होतात आणि उत्तरं तीन: `0011`, `1110` आणि `1101`. म्हणजे N = १६, M = ३. खरं तर M आपल्याला आधी माहीत नसतो, ते पुढे येईलच.

पहिलं वाक्य. ओरॅकल, म्हणजे निवड उत्तर आहे का हे ओळखणारा सर्किटाचा भाग, सगळ्या १६ निवडींवर एकदम चालतं, इथवर खरं आहे. पण ते करतं काय, तर उत्तर असलेल्या निवडींच्या आयामाचं, म्हणजे प्रत्येक निवडीला जोडलेल्या संख्येचं, चिन्ह उलटं करतं, + चं −. मोजमापात दिसतो तो आयामाचा वर्ग, त्यामुळे चिन्ह दिसतच नाही. ओरॅकलनंतर लगेच मोजलंत तर उत्तर मिळण्याची शक्यता ३/१६, म्हणजे डोळे मिटून निवडल्याइतकीच. त्या चिन्हाचं रूपांतर आयामाच्या मोठेपणात करावं लागतं, आणि ते फेरीफेरीनेच होतं. ओरॅकलच्या आत डोकावता येत नसेल तर एकच उत्तर शोधायला √N च्या प्रमाणात तरी त्याला हाका माराव्याच लागतात, हे बेनेट, बर्नस्टाइन, ब्रासार आणि वझिरानी यांनी १९९७ मध्ये छापलेल्या सिद्धतेत आहे. एका फटक्याची वाट तिथेच बंद झाली.

दुसरं वाक्य सर्वांत जास्त नुकसान करतं, म्हणून इथे हाताने हिशेब करू. सुरुवातीला प्रत्येक निवडीचा आयाम ०.२५. ओरॅकलनंतर तिन्ही उत्तरांचा −०.२५ झाला, बाकी १३ जसेच्या तसे. आता सरासरी काढा: (१३ × ०.२५ − ३ × ०.२५) ÷ १६ = ०.१५६२५. फेरीची दुसरी पायरी प्रत्येक आयामाला या सरासरीच्या पलीकडे परावर्तित करते, म्हणजे सरासरीच्या दुपटीतून जुना आयाम वजा. उत्तरांचा आयाम ०.३१२५ + ०.२५ = ०.५६२५ होतो आणि इतरांचा ०.३१२५ − ०.२५ = ०.०६२५. हेच पुढे चालवलं की असं दिसतं:

| फेरी | उत्तराचा आयाम | इतरांचा आयाम | उत्तर मिळण्याची शक्यता |
|---|---|---|---|
| ० | ०.२५० | ०.२५० | १८.७५% |
| १ | ०.५६३ | ०.०६३ | ९४.९% |
| २ | ०.४५३ | −०.१७२ | ६१.६% |
| ३ | ०.००४ | −०.२७७ | ०.००५% |

दुसऱ्या फेरीत शक्यता घसरते आणि तिसरीत उत्तर जवळजवळ नाहीसं होतं. कारण भूमितीचं आहे. sin²θ = M/N असा कोन घ्या; इथे θ सुमारे २५.७° येतो. k फेऱ्यांनंतरची शक्यता sin²((2k+1)θ) असते, म्हणजे दर फेरीला अवस्था २θ ने, इथे ५१.३° ने, फिरते. आपल्याला ९०° च्या जवळ थांबायचं असतं. पहिल्या फेरीला ७७° होतात, दुसरीला १२८° आणि तिसरीला जवळपास १८०°. अवस्था थांबत नाही, ती फिरतच राहते.

आता यातला सापळा बघा. पाठ केलेलं सूत्र सांगतं की (π/4)√N फेऱ्या करा. N = १६ साठी ते ३.१४ येतं, म्हणून तीन फेऱ्या. उत्तर एकच असतं तर तीन फेऱ्यांनी ९६ टक्के यश मिळालं असतं. उत्तरं तीन असताना त्याच तीन फेऱ्या नेमक्या सर्वांत वाईट ठरतात. स्तंभालेखात १३ चुकीच्या निवडी सारख्या उंचीच्या आणि तिन्ही उत्तरांच्या जागी रिकामं, असं दिसलं की लोक ओरॅकलमध्ये चूक शोधत बसतात.

चूक कुठे आहे हे ओळखायला सिम्युलेटरवर ०, १, २, ३ फेऱ्या वेगवेगळ्या चालवून यशाचं प्रमाण लिहून काढा. वरच्या तक्त्यासारखा चढउतार आला तर ओरॅकल ठीक आहे, फेऱ्यांची संख्या चुकली आहे. पहिल्या फेरीला ९५ ऐवजी ५७ टक्के आले, तर बहुधा ओरॅकलचा साहाय्यक क्यूबिट ० वरच राहिला आहे. त्याला आधी X आणि मग H लावायचं राहून गेलं. तिसरी नेहमीची चूक म्हणजे वजनांची बेरीज ज्या क्यूबिटांत साठवली, ते चिन्ह उलटवल्यावर पुन्हा शून्यावर न आणणं. ती बेरीज निवडीला चिकटून राहते, आणि मग परावर्तनात आयाम हवे तसे एकमेकांत मिसळत नाहीत.

M माहीत नसेल तर? बॉयर, ब्रासार, हॉयर आणि टाप यांची रीत साधी आहे. एक मर्यादा m = १ धरा, ० पासून m पेक्षा लहान अशा पूर्णांकांतून फेऱ्यांची संख्या यादृच्छिक निवडा, मोजा, आलेली निवड साध्या हिशेबाने पडताळा. चुकली तर m ला ६/५ ने गुणा (√N च्या पुढे न जाता) आणि नव्याने सुरू करा. सरासरीने √(N/M) च्या प्रमाणात हाका लागतात. मात्र उत्तर एकही नसेल तर ही रीत आपणहून थांबत नाही, म्हणून प्रयत्नांना कमाल मर्यादा घालावीच लागते.

तिसरं वाक्य. उत्तरं अनेक असली तरी काम होतं हे वरच दिसलं. समान वाट्याची अटही नाही, आणि हाच अ‍ॅम्प्लिट्यूड अ‍ॅम्प्लिफिकेशनचा गाभा आहे. ग्रोव्हरचा शोध १९९६ चा. पुढच्या दोन वर्षांत ब्रासार आणि हॉयर यांनी, तसंच स्वतः ग्रोव्हर यांनी, त्याला हे व्यापक रूप दिलं. A हे कोणतंही क्वांटम सर्किट घ्या, जे शून्यापासून सुरू होऊन a शक्यतेने उत्तर देतं. मग फेरी अशी:

```
Q = -A · S0 · A⁻¹ · Sf
sin²θ = a
```

Sf उत्तरांचं चिन्ह उलटतं, S0 फक्त पूर्ण-शून्य अवस्थेचं. अट एवढीच की A उलटा चालवता आला पाहिजे, म्हणून त्याच्या मध्ये मोजमाप चालत नाही.

आपल्या उदाहरणात याचा उपयोग होतो. बाकीची दोन्ही वजनं ३ ची आहेत आणि ६ लाही ३ ने भाग जातो, त्यामुळे १ आणि २ किलो एकतर दोन्ही घ्यायला हवीत किंवा दोन्ही सोडायला हवीत. मग पहिल्या क्यूबिटवर H, तिथून दुसऱ्यावर CNOT, आणि उरलेल्या दोघांवर H, असा A करा. आता आठच निवडी उरतात, a = ३/८. पण एक फेरी केली की शक्यता ८४ टक्के येते, आधीच्या ९५ पेक्षा कमी! θ ३७.८° झाला, त्यामुळे एका फेरीत आपण ११३° वर, म्हणजे ९०° च्या पुढे जातो.

यावरचा उपाय मला या विषयातला सर्वांत देखणा वाटतो: शक्यता मुद्दाम कमी करायची. पाचवा क्यूबिट घ्या, त्याला Ry ने १०९.४७° फिरवा, म्हणजे तो २/३ शक्यतेने १ येतो. "उत्तर" कशाला म्हणायचं, तर वजन ६ भरलं आणि पाचवा क्यूबिट १ असला तर. आता a = ३/८ × २/३ = १/४, θ = ३०°, आणि एका फेरीनंतर बरोबर ९०°. आदर्श यंत्रावर शक्यता पूर्ण १. अर्थात त्यासाठी a नेमका माहीत हवा.

इथे एक चूक हमखास होते: A बदलला, पण परावर्तनात जुन्याच सवयीने सगळ्या क्यूबिटांवर H ठेवले. मग अवस्था A ने ज्यांना शून्य वाटा दिला होता त्या आठ निवडींमध्ये सांडते. `01` किंवा `10` ने सुरू होणारे निकाल दिसले की परावर्तनाकडे बघा.

चौथं वाक्य. क्वांटम काउंटिंग, म्हणजे ब्रासार, हॉयर आणि टाप यांचं १९९८ चं काम, एकही उत्तर न शोधता संख्या काढतं. Q दर वेळी २θ ने फिरवतो, आणि θ मध्येच M दडलेला आहे. म्हणून फेज एस्टिमेशनने तो कोन मोजायचा. मोजणीचे t क्यूबिट घ्या, त्यांच्या नियंत्रणाखाली Q अनुक्रमे १, २, ४, ८... वेळा चालवा, उलटा फूरिये लावा आणि y वाचा. y आणि 2ᵗ − y दोन्ही तेच सांगतात.

```
M ≈ N · sin²(π·y / 2^t)
```

मूळ १६ निवडींवर, t = ४ घेऊन बघा. θ/π = ०.१४२५, त्याला १६ ने गुणलं की २.२८. म्हणून सुमारे ७७ टक्के वेळा y = २ किंवा १४ येतो आणि अंदाज निघतो २.३४. पूर्णांक केला की २, चूक! जाळीच खरखरीत आहे: y = ३ ला थेट ४.९४ येतं, ३ च्या जवळ जाळीचा एकही बिंदूच नाही. t = ६ केला की गुणाकार ९.१२ येतो, सुमारे ९५ टक्के वेळा y = ९ किंवा ५५, आणि अंदाज २.९३, म्हणजे ३.

Q च्या सूत्रातलं ते वजा चिन्ह शोधात निरुपद्रवी असतं, म्हणून सर्किटात सहसा गाळलेलं असतं. नियंत्रित Q मध्ये मात्र ते मोजलं जातं. ते विसरलात तर y ३२ ने सरकतो, ४१ येतो, आणि अंदाज होतो १३.०७. ही N − M ची संख्या आहे. Q एकदाच चालवणाऱ्या नियंत्रक क्यूबिटवर एक Z लावला की दुरुस्त होतं. बाकी ठिकाणी Q सम वेळा चालतो, तिथे चिन्ह आपोआप जातं. शिवाय नियंत्रण फक्त Sf आणि S0 ला पुरतं. ते बंद असताना A आणि A⁻¹ एकमेकांना रद्द करतात, त्यामुळे बरीच गेट वाचतात.

t = ६ साठी Q एकूण ६३ वेळा चालला, तर साध्या कागदावर १६ निवडी तपासून काम झालं असतं. एवढ्या लहान आकारात काउंटिंग तोट्यातच आहे. फायदा दिसतो तो N मोठा असताना, आणि अंदाज किती बारीक हवा त्यावर. यादृच्छिक नमुने घेऊन चूक दहा पट कमी करायची तर नमुने शंभर पट लागतात. काउंटिंगमध्ये हाका दहा पटच वाढतात. पण त्या सगळ्या हाका एकाच अखंड सर्किटात, एकामागून एक द्याव्या लागतात. नमुने वेगवेगळ्या यंत्रांवर वाटून घेता येतात, तशा या वाटता येत नाहीत.