आपल्या अभिप्रायास उत्तर: तपासणीची वेळ आणि निगेटिव्ह स्टॉकचे इशारे

ग्राहकाचा अभिप्राय: “रोज सकाळी पंचवीस-तीस निगेटिव्ह स्टॉकचे इशारे येतात, त्यातले बहुतेक निरर्थक. तपासणी रात्री एकलाच उरकून टाकतात. परवा एका शाखेची निम्मीच बिले आली होती, ते दुपारी बारा वाजता आमच्याच अकाउंटंटने शोधले. मग पैसे कशाचे घेता?”

नमस्कार साहेब,

बुधवारी आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमा मागतो. सकाळच्या अहवालात महत्त्वाचा इशारा खाली दबून राहिला, ही आमची चूक आहे. तरीही एका वाक्याने मला फार वाईट वाटले, आणि ते वाचून इतर व्यापाऱ्यांचाही गैरसमज होईल, म्हणून वेळेचा खुलासा सविस्तर करतो.

आपल्या अहवालाच्या डोक्यावर 01:00 ही वेळ छापलेली असते. ती सर्व्हरच्या घड्याळाची वेळ आहे. आमचा सर्व्हर यूटीसीवर चालतो आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते, म्हणजे शेड्यूलमधील `0 1 * * *` ही ओळ आपल्याकडे रोज सकाळी ६:३० ला चालते. रात्री एक वाजता आम्ही काहीही तपासत नाही. आपल्या तिन्ही शाखा साडेनऊला बंद होतात, त्यांच्या फायली साधारण साडेअकरापर्यंत पोहोचतात आणि त्यानंतर पुरेसा अवकाश ठेवूनच सकाळची वेळ ठरवली होती. ती आणखी अलीकडे घेता आली असती, पण सर्व्हरवर तारीख बदलते तीच आपल्या पहाटे साडेपाचला. त्याआधी क्वेरी चालवली तर तिच्या लेखी “काल” म्हणजे परवाचा दिवस ठरतो आणि तपासणी शिळ्या माहितीवर हिरवा शेरा देऊन मोकळी होते. एवढा विचार करून ठरवलेल्या वेळेला “उरकणे” म्हटलेले पाहून मनाला लागले. वेळेपुढे “भारतीय वेळ” असे लिहिलेले नव्हते, ही उणीव मात्र मान्य करतो.

आता बुधवारच्या सकाळबद्दल. त्या शाखेच्या मागील चार मंगळवारांची बिले १४२, १५१, १४६ आणि १५५ होती, म्हणजे मध्यक १४८.५. या मंगळवारी ७६ आली, म्हणजे जेमतेम ५१ टक्के. ६० टक्क्यांच्या खाली आकडा गेला की इशारा द्यायचा, असे आपल्याशी बोलूनच ठरले होते. आदल्या दिवसाशी तुलना न करता त्याच वाराशी करतो, कारण रविवारी आपले दुकान अर्धा दिवसच उघडे असते आणि सोमवारची तुलना रविवारशी केली तर घट कधी दिसणारच नाही. हा इशारा ६:३० च्याच अहवालात होता.

त्याच अहवालात दुसरा पुरावाही होता. बिलांची यादी एका टेबलात येते आणि प्रत्येक बिलातील औषधांच्या ओळी दुसऱ्या टेबलात. मंगळवारी रात्री बिलांची फाइल पाठवताना त्या शाखेचे नेट मध्येच तुटले, ओळींची फाइल मात्र पूर्ण आली. त्यामुळे ५६१ ओळी अशा उरल्या की ज्यांचे मूळ बिलच सापडत नव्हते. त्या शोधणारी क्वेरी ही:

```sql
SELECT l.branch_id, COUNT(*)
FROM invoice_lines l
LEFT JOIN invoices i ON i.invoice_id = l.invoice_id
WHERE i.invoice_id IS NULL
GROUP BY l.branch_id;
```

ओळींच्या टेबलात त्या दिवशी १,१८७ नोंदी होत्या, म्हणजे नेहमीइतक्याच, त्यामुळे नुसती त्या टेबलाची मोजणी केली असती तर सगळे ठीकच दिसले असते. उलट दोन्ही फायली सारख्याच तुटल्या असत्या तर एकही ओळ अनाथ ठरली नसती आणि फक्त घटलेल्या संख्येनेच ते पकडले असते. म्हणून या दोन तपासण्या आम्ही कायम जोडीने चालवतो. घट आणि अनाथ ओळी एकाच शाखेत एकाच दिवशी दिसल्या की विक्री मंदावलेली नसते, फाइल अपुरी आलेली असते.

आपल्या अकाउंटंट ताईंनी बारा वाजता जे शोधले ते बरोबरच होते आणि त्यांच्या दक्षतेचा मला आदर आहे. परंतु या दोन्ही ओळी त्यांच्याआधी साडेपाच तास आपल्या मेलमध्ये पडून होत्या. त्या निगेटिव्ह स्टॉकच्या २६ ओळींच्या खाली, २७ व्या आणि २८ व्या क्रमांकावर होत्या. हा क्रम आम्ही लावला होता, त्यासाठी आपल्याला बोल लावत नाही.

त्या २६ ओळी निरर्थक आहेत, हे मात्र मला पटत नाही. आपल्याकडे संध्याकाळी माल उतरतो, लगेच काउंटरवरून विकला जातो आणि खरेदीचे बिल दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर चढवले जाते. एका बॅचचे १२ डबे शिल्लक असताना ४० विकले की सकाळी ६:३० ला क्वेरीला उणे २८ दिसणारच, कारण आवक अजून कागदावरच असते. आवक नोंद झाली की असा इशारा आपोआप निघून जातो. बुधवारच्या २६ पैकी २१ दुपारपर्यंत गेले. उरलेले ५ नऊ दिवस तसेच आहेत आणि ते उशिरा चढवलेल्या बिलांचे नाहीत. त्यांतील तीन ठिकाणी त्याच औषधाच्या शेजारच्या बॅचमध्ये नेमका तेवढाच माल जादा दिसतो, म्हणजे काउंटरवर बिल करताना बॅच चुकीची निवडली गेली आहे. मुदत संपलेला माल कंपनीला परत करायची वेळ येते तेव्हा अशी बॅच कागदावर एक आणि कपाटात दुसरी निघते. ही यादी मी आपल्याला दोनदा पाठवली होती. जो उणे आकडा ४८ तासांत भरून निघत नाही तेवढाच दाखवावा, असेही सुचवले होते, तेव्हा “सगळे दाखवा” असे आपणच मेलवर कळवले होते. हे सांगण्यात आपला अपमान करण्याचा हेतू नाही, पण “पैसे कशाचे घेता” हे चारचौघांत विचारल्यावर गप्प राहणे मला जमले नाही. आम्ही चार माणसांचे कार्यालय चालवतो आणि नवीन ग्राहक बहुधा असे अभिप्राय वाचूनच फोन करतात.

आजपासून घटलेली संख्या आणि अनाथ ओळी अहवालात सर्वांत वर येतील, आणि अहवालावर भारतीय वेळ छापली जाईल. ज्या शाखेची एकही नोंद आली नाही तिचे नाव मोजणीच्या निकालात येतच नाही आणि शून्याचा इशाराही सुटतो, म्हणून मोजणी आता शाखांच्या यादीवरून सुरू करत आहोत. ४८ तासांच्या सवलतीबद्दल आपण होकार दिलात तर तीही या आठवड्यात होईल. तुटलेली फाइल बुधवारी दुपारी १ वाजता पुन्हा चढवली, त्यानंतर त्या शाखेची बिले १४९ झाली आणि अनाथ ओळी शून्यावर आल्या. राहिलेल्या पाच बॅचसाठी शनिवारी दुकान बंद झाल्यावर मी स्वतः येतो, कपाटातील माल समोर ठेवून मोजणी करू.

आपला नम्र,
संचालक