नोंद नेदरलँड्सची, वापर खानापुरात

वाचकाची प्रतिक्रिया: «"देशच्या देश बंद करू नका" हे लिहायला सोपे आहे. आमच्या निपाणीच्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर रात्रभर परदेशातून पासवर्ड आजमावले जातात. सभासद सगळे इथलेच. भारताबाहेरचे पत्ते बंद केले तर कोणाचे काय बिघडते? आणि चांगली यादी विकत घेतली की चुका होत नाहीत.»

नमस्कार. रात्रीचा मारा मी नाकारत नाही, आणि अशा बंदीनंतर लॉग बराच शांत होतो हेही खरे आहे. माझी हरकत इतकीच आहे की सभासद इथले असले, तरी कोणता पत्ता कोणत्या देशाचा हे सांगणाऱ्या त्या यादीत त्यांचे आयपी पत्ते इथलेच असतील याची खात्री नसते.

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एका पतसंस्थेचे काम माझ्याकडे होते आणि तिथे मी स्वतःच, विकतच्या यादीवर विसंबून, भारत सोडून सारे बंद केले होते. दोन दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. सभासद सांगत होते की मोबाइलच्या डेटावर पान उघडते, पण घरच्या वायफायवर नुसते फिरत राहते. तोच माणूस, तोच फोन, आणि जोडणी बदलताच फरक पडतो, ही या बिघाडाची पहिली खूण असते. बंदी निमूट असल्यामुळे सभासदाला कारण कळत नाही आणि तो केबलवाल्याला दोष देत बसतो.

त्या केबलवाल्याच्या पत्त्यांचा गट मी तपासला. खरा गट न देता उदाहरणांसाठी राखून ठेवलेला 203.0.113.0/24 येथे घेतो. पत्त्यांची नोंद दाखवणाऱ्या `whois` मध्ये त्याच्यापुढे `country: NL` असे होते, म्हणजे नेदरलँड्स. कारण विचारल्यावर कळले की त्याच्याकडे स्वतःचे ५१२ पत्ते होते, ते पुरेनात, म्हणून त्याने २५६ पत्त्यांचा हा गट एका युरोपीय धारकाकडून भाड्याने घेतला होता. एप्रिल २०११ मध्ये एपनिक ही आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था आयपीव्ही४ पत्त्यांच्या शेवटच्या साठ्यावर आली आणि २०१९ पासून नव्या सदस्याला त्यातून फार तर ५१२ पत्ते मिळू लागले. मग लहान सेवादाराने करावे काय?

नोंदणीतला देश पत्त्याचा धारक कुठला हे सांगतो, वापरणारा कुठे आहे हे नाही. निपाणीत एमएच ०९ पाटीची गाडी उभी दिसली म्हणून आपण निपाणीला कोल्हापूर म्हणत नाही. याद्या तयार करणारे मात्र दुसरा पुरावा हाती नसला की पाटीवरूनच गाव ठरवतात. विकतच्या चांगल्या यादीत `registered_country` आणि `country` असे दोन वेगळे रकाने असतात. आमच्या यादीत या गटासाठी दोन्हीकडे NL होते. त्यातही एकेका सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी घरे दडलेली असल्यामुळे ती एकच चुकीची ओळ दोन-तीन गावांना पुरून उरली.

चूक यादीचीच, हे सिद्ध करायला पिंग पुरला. बंगळूरच्या सर्व्हरवरून केबलवाल्याच्या राउटरला जाऊन-येऊन ११ मिलिसेकंद लागत होते. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो, म्हणजे तो राउटर ११०० किलोमीटरच्या पलीकडे असूच शकत नव्हता. ॲमस्टरडॅम सात हजारांहून अधिक दूर आहे आणि तिथे जाऊन यायला किमान ७० तरी लागले असते. उलटा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण वाट लांबची किंवा गर्दीची असली तर जवळचे यंत्रही उशिरा उत्तर देते.

दुरुस्तीसाठी केबलवाल्याने कोणता गट कुठे वापरात आहे हे सांगणारी, जिओफीड नावाची साधी फाइल प्रसिद्ध केली आणि यादीवाल्यांना कळवली:

```
203.0.113.0/24,IN,IN-KA,Khanapur,
```

यादी सुधारायला पाच आठवडे गेले. तोवर तो गट मी बंदीच्या नियमाआधी हाताने मोकळा करून ठेवला होता. या सगळ्या काळात मुंबईत भाड्याचे यंत्र घेऊन बसलेल्या चोराला ती बंदी शिवलीही नसती, कारण त्याचा पत्ता भारताचाच असतो.

तरीही आपल्याला बंदी हवीच असेल, तर ती फक्त लॉगिनच्या पानावर लावा, आणि तीही नुसते न गिळता "संस्थेला फोन करा" असा निरोप दाखवणारी असू द्या. त्याआधी गेल्या तीन महिन्यांतील यशस्वी लॉगिनचे पत्ते त्या यादीतून तपासून घ्या. भारताबाहेर दिसणारा प्रत्येक यशस्वी लॉगिन म्हणजे आखातात नोकरीला गेलेला एखादा सभासद, यादीतली चुकीची ओळ, किंवा चोरीला गेलेला पासवर्ड, आणि यांतले काय ते त्या सभासदाला फोन केल्यावरच कळते.